दुकानातच बूट पारखायचा कसा? पिळणे, वाकवणे आणि टाच दाबणे

सुमेधा_क

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. सकाळपासून दुपारपर्यंत बहुतेक वेळ उभीच असते. काळे, बंद, पट्ट्याचे किंवा लेसचे बूट हवे आहेत, बजेट अडीच हजारांपर्यंत. गेल्या वर्षीचा जोड दुकानात अगदी ठणठणीत वाटला होता. पण एक पावसाळा गेला आणि टाचेमागचा भाग आत बसला, सोलही मधोमध मोडल्यासारखा झाला. मग टाचदुखी, मग फिजिओथेरपिस्ट. त्यांनी सांगितलं, "पुढच्या वेळी घेताना बूट पिळून बघा, चवड्यापाशी वाकवून बघा आणि मागून टाच दाबून बघा."

हे सगळं मी रविवारी दोन दुकानांत करून आले. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? पहिल्या दुकानातल्या मुलाने स्वतःच बुटाची घडी घालून दाखवली, "बघा मॅडम, किती सॉफ्ट!" दुसऱ्या दुकानातला म्हणाला, "बघा, हलतसुद्धा नाही, किती मजबूत!" दोघंही बरोबर कसे असतील? किती वाकायला हवा, कुठे वाकायला हवा, पिळल्यावर किती फिरला तर ठीक? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नाना_ठाणेकर

सोपं आहे हो. जितका मऊ तितका चांगला. उभ्या हयातीत मी हेच पाहत आलोय. ज्या बुटाची घडी होते तो चावत नाही, जो होत नाही तो पहिल्या दिवशी टाच सोलून काढतो. बाकी पिळणं वगैरे नवीन फॅडं. वजनाला हलका आणि हाताला मऊ, एवढं बघा आणि घ्या.

गडवाट

पाय पिळला जाऊ नये म्हणून अँकलच्या वरपर्यंत येणारेच बूट घ्यावेत असं माझं मत. राजगडावरून उतरताना माझा घोटा असा मुरगळला की दीड महिना प्लास्टर. तेव्हापासून लो-कट बूट बंद. सुमेधाताई, तुम्हीसुद्धा हाय-अँकल बघा.

सुमेधा_क

@गडवाट, अहो पाय नाही, बूट पिळायचा आहे, दुकानात, हातांनी. :) आणि साडीवर हाय-अँकल घालून वर्गात गेले तर मुलं तासभर तेच बघत बसतील.

@नाना, गेल्या वर्षीचा जोडही मऊच होता, म्हणून तर विचारतेय.

फर्मावाला

सुमेधाताई, मी आग्र्याच्या सेंट्रल फुटवेअर ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो, नंतर कारखान्यांत नोकरी झाली, शेवटची वर्षं माल तपासणीत होतो. आम्ही शंका आली की बूट उभा कापून आत बघायचो. गिऱ्हाइकाला ती सोय नाही. तुमच्या फिजिओने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी म्हणजे बूट न कापता आतलं बघायची युक्ती आहे. आत टाचेभोवती एक कडक वाटीसारखा तुकडा असतो, त्याला आम्ही काउंटर म्हणतो. पायाच्या कमानीखाली इनसोलच्या पोटात एक पट्टी असते, तो शँक. तो स्टीलचा असतो, फायबरचा असतो, नायलॉनचा असतो. स्वस्त मालात हे दोन्ही तुकडे सगळ्यात आधी गाळले जातात, कारण बाहेरून दिसत नाहीत.

आधी वाकवण्याचं सांगतो. नानांचं अर्धं बरोबर आहे. बूट वाकला पाहिजे, पण एकाच ठिकाणी. टाच एका हातात धरा, बुटाचं टोक दुसऱ्या तळहातावर किंवा दुकानातल्या टेबलावर टेकवा आणि सावकाश जोर द्या. घडी घालायची नाही, चालताना टाच उचलली जाते तेवढाच बाक द्यायचा. आता बाजूने बघा की बाक कुठे पडतोय. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा असतो, तिथून करंगळीच्या मुळापर्यंत तिरकी रेषा धरली तर त्या रेषेवर पाय वाकतो. टाचेपासून मोजलं तर बुटाच्या दोन तृतीयांश लांबीच्या जरा पुढे. बूट तिथेच वाकायला हवा.

तो मधे, कमानीखाली वाकला तर शँक नाही किंवा आहे तो कुचकामी आहे. मग दिवसभर उभं राहिल्यावर कमानीखाली बूट खचतो आणि सगळा ताण तळव्याच्या शिरेवर येतो. तुमचा गेल्या वर्षीचा जोड मधोमध मोडला म्हणताय, ते हेच. घडी घालून दाखवणारा मुलगा तुम्हाला नकळत बुटातला दोषच दाखवत होता.

खात्री करायला आणखी एक करा. बूट टेबलावर ठेवा, आत हात घालून कमानीच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. टाचेला थोडी उंची असलेल्या बुटात तळ आणि टेबल यांच्यात तिथे फट असते. दाबल्यावर ती फट मिटली, तर शँक नाही किंवा कुचकामी आहे असं समजा.

नाना_ठाणेकर

आमच्या वेळी काउंटर दुकानात असायचा, बुटात नाही. बरं, मग दुसरा म्हणत होता तो "हलतसुद्धा नाही" वाला मजबूत की काय?

फर्मावाला

नाही नाना, तोही नको. चवड्यापाशी वाकलाच नाही तर पाऊल पुढे टाकताना बुटाची टाच मागे राहते आणि पायाची टाच वर उचलली जाते. दर पावलाला घासणार, म्हणजे फोड आले. तुम्ही म्हणता ती सोललेली टाच याच कारणाने. पण त्यावर उपाय सगळीकडून मऊ बूट हा नव्हे.

पिळायचं ते असं. एका हाताने टाच घट्ट धरा, दुसऱ्याने चवड्याचा भाग, आणि दोन्ही हात उलट दिशांना फिरवा. पुढचा भाग थोडासा फिरेल, फिरायलाच हवा, खडबडीत रस्त्यावर पायाचा पुढचा भाग टाचेच्या मानाने थोडा फिरतच असतो. पण मधल्या, कमानीखालच्या भागाने तुमच्या हाताला विरोध केला पाहिजे आणि सोडल्यावर बूट झटकन सरळ झाला पाहिजे. ओलं फडकं पिळावं तसा पूर्ण फिरला तर ठेवून द्या.

स्पोर्ट्स शूजमध्ये एक गंमत असते. तळाला कमानीपाशी चकचकीत प्लॅस्टिकचा तुकडा दिसतो, विक्रेता सांगतो की हा सपोर्ट. काही जोडांत तो खरंच काम करतो, काहींत नुसता वरून चिकटवलेला दागिना असतो. पिळताना त्याच्या कडेकडे बघा. बूट सहज फिरतोय आणि तुकड्याची कड सोलपासून सुटू पाहतेय, म्हणजे दागिना.

काउंटरमागून

मी चप्पल-बुटांच्या दुकानातच काम करतो, नाव सांगत नाही. काकांचं सगळं पटलं, पण आमची बाजूही ऐका. लोक येतात, पेटंट लेदरचा चकचकीत बूट घेतात आणि कचकन वाकवतात. वर जी सुरकुती पडते ती जात नाही. मग तो जोड विकायचा कोणाला? फॉर्मल लेदरला जपून, थोडंच वाकवा, आणि आधी विचारा. विचारलं की शहाणा दुकानदार नाही म्हणत नाही.

दुसरं म्हणजे शेल्फवरच्या डिस्प्लेच्या बुटावर चाचणी करू नका. तो आधीच कित्येकांनी दाबून, वाकवून ढिला केलेला असतो. डबा उघडून तुमच्या मापाचा ताजा जोड मागा, आणि दोन्ही पाय तपासा. डावा-उजवा एकसारखे निघतीलच असं नाही, हे मी रोज बघतो.

सुमेधा_क

हे दोन्ही पाय तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

@फर्मावाला, टाच दाबायची म्हणजे नक्की कुठे? मी मागून अंगठ्याने दाबून पाहिलं तर सगळेच बूट मऊ लागले, अगदी महागातलेसुद्धा.

फर्मावाला

बहुतेक लोक वरच्या कडेला दाबतात. तिथे घोट्याला लागू नये म्हणून स्पंज भरलेला असतो, तो मऊच असणार. काउंटर त्याच्या खाली असतो. सोलच्या वर साधारण दोन बोटं, बरोबर मागच्या मध्यावर अंगठा ठेवा आणि आतल्या दिशेने दाबा. मग त्याच उंचीवर दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबा. चांगला काउंटर किंचित दबतो आणि बोट काढताच परत येतो. अजिबात न दबणारा असेल तर घालून चालून बघितल्याशिवाय घेऊ नका, काहींच्या टाचेच्या हाडाला तो लागतो.

दाबताना कान द्या. आत पुठ्ठा असेल तर कुरकुर असा बारीक आवाज येतो आणि दाबलेल्या जागी खळगा राहतो. तुमच्या टाचेमागचा भाग पावसाळ्यात आत बसला त्याचं कारण बहुधा हेच. पुठ्ठा भिजला की लगदा होतो आणि वाळल्यावर जिथे दबला तिथेच वाळतो. थर्मोप्लास्टिकच्या काउंटरला पाण्याचं एवढं भय नसतं. मुंबई-कोकणात बूट घेणाऱ्याने तिन्हींपैकी ही चाचणी सगळ्यात मनापासून करावी असं माझं मत.

मग आत बोट घालून अस्तरावरून फिरवा. काउंटरची कड हाताला धारेसारखी लागली तर आठवड्याभरात ती पायाला लागणार. चांगल्या मालात ती कड घासून पातळ केलेली असते, कळतसुद्धा नाही.

आपल्याकडे काउंटर लवकर मरतो याला आपणही जबाबदार आहोत. घरात शिरताना, देवळात, कोणाकडे गेलो की बूट काढायचे, आणि परत घालताना लेस न सोडता टाचेने मागचा भाग चेपत पाय सरकवायचा. कितीही उत्तम काउंटर हे फार दिवस सोसणार नाही. पट्ट्याचा बूट घेताय ते चांगलंय, पट्टा उघडून घालायचा कंटाळा कमी येतो.

अनवाणी

इतका वेळ शांतपणे वाचत होतो. फर्मावाले काकांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण हा सगळा विचारच उलटा आहे. मी बेअरफूट शूज घालतो. ते गुंडाळून खिशात ठेवता येतात. तुमच्या तिन्ही चाचण्यांत शून्य मार्क. तरी मी त्यात पुणे-मुंबईच्या हाफ मॅरेथॉन पळतो आणि गुडघे, टाचा ठणठणीत आहेत. कडक काउंटरने दुखापत टळते याला भक्कम पुरावा कुठाय? पाय मजबूत करा, बूट नको. आपले पूर्वज काय शँक घालून शेतात जायचे का? कोल्हापुरीला कुठाय काउंटर?

फर्मावाला

अनवाणी, तुमच्या बुटाला या चाचण्या लागूच नाहीत, हे मान्य. तो मुद्दाम तसा बनवलेला आहे. कोल्हापुरीचंही तेच, तिला टाचेमागे भिंतच नाही तर दाबणार काय? तिची पारख वेगळी: चामडं, तळाचे थर, शिवण.

पण तो पातळ बूट चांगला बनवलाय की वाईट हे या चाचण्या सांगत नाहीत, हे मात्र कबूल करा. मी म्हणतो ते एवढंच की ज्या बुटाला टाच आहे, जाड तळ आहे, जो "सपोर्ट" म्हणून विकला जातोय, त्याच्या पोटात सपोर्ट आहे की नाही हे हाताने कळतं. दुखापतीचं बोलाल तर तुमच्या प्रश्नाचं "हो" असं ठाम उत्तर माझ्याकडे नाही, तो डॉक्टरांचा प्रांत.

अनवाणी

म्हणजे चाचणी "बूट चांगला का" हे सांगत नाही, "बूट जो असल्याचा दावा करतो तो आहे का" हे सांगते. एवढं मला चालेल. बाकी माझं मत कायम.

जर्सीतली_सई

इकडे न्यू जर्सीत माझ्या पोडियाट्रिस्टच्या, म्हणजे पायाच्या डॉक्टरांच्या, भिंतीवर हेच तिन्ही लावलेलं आहे. अमेरिकन पोडियाट्रिक मेडिकल असोसिएशन "एक-दोन-तीन" म्हणून हे लोकांना सांगते: टाचेच्या दोन्ही बाजू दाबा, पुढचा भाग वाकवा, मधे पिळा. त्यामुळे नाना, फॅड म्हणू नका. :)

पण माझी गोष्ट उलटी आहे. माझ्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा आर्थ्रायटिसने जवळजवळ आखडलाय. वाकवला की कळ येते. डॉक्टरने मला सांगितलं की चवड्यापाशी न वाकणारा, पुढे तळाला गोलाई असलेला बूट घे, म्हणजे पाय न वाकता पुढे लोटला जातो. म्हणजे दुसऱ्या चाचणीत नापास झालेलाच बूट मला हवा. ज्यांचा अंगठा दुखतो त्यांनी डोळे झाकून हा धागा पाळू नये.

फर्मावाला

सईताई, हे सांगितलंत ते फार बरं झालं. पळणाऱ्यांच्या कार्बन प्लेटवाल्या बुटांचंही तसंच, तेही वाकत नाहीत आणि वाकायला नकोतच.

सुमेधा_क

आज पुन्हा गेले, यावेळी सगळं लिहून आणलंय. विचारल्यावर दुकानदाराने डबे उघडून दिले.

पहिला जोड, १,२९९ रुपये, पट्ट्याचा, रेक्झिनचा, अगदी हलका. टाच दाबली तर टणक, परत आली, आवाज नाही. पण वाकवला तर कमानीखालीच वाकला, आणि पिळला तर जवळजवळ अर्धा फिरला.

दुसरा, २,३९९, लेदर, लेसचा. पिळल्यावर पुढचा भाग थोडा फिरला, मधे जोर लावावा लागला, सोडल्यावर सरळ. वाकवला तर पुढेच वाकला. आत हात घालून दाबलं तर फट मिटली नाही. उजव्याची टाच छान. डाव्याची दाबली तर एका बाजूला खळगा राहिला, आणि कुरकुरही वाटली.

मला वाटलं डाव्याचं सोडलं तर जिंकलो. पण घालून चालले तर टाच मागून निसटत होती, आणि चालताना पुढची सुरकुती बरोबर बोटांवर पडून अंगठ्याला वरून टोचत होती. हातात घेतला तर नीट वाकत होता, मग पायात काय झालं?

फर्मावाला

मस्त नोंदी केल्यात. पहिला जोड विसरा. टाच टणक आहे एवढ्यावर भुलू नका. पिळल्यावर अर्धा फिरतो आणि मधे वाकतो, म्हणजे गेल्या वर्षीचाच भाऊ.

दुसऱ्याचा डावा काउंटर एकतर भिजलेल्या मालातला आहे किंवा मोल्डिंग करताना नीट तापला नाही. कारखान्यात टाचेचा भाग गरम करून साच्यावर दाबतात, तिथे घाई झाली की एखादा असा निसटतो. मॉडेल टाकून देऊ नका, त्याच मापाचा दुसरा डबा मागा आणि दोन्ही टाचा पुन्हा दाबा. त्यातही तेच निघालं तर मग मॉडेलच सोडा.

आता सुरकुतीचं. मला एक सांगा, तुमच्या पायाचं खरं माप काय आणि हा कोणत्या नंबरचा घेतलात?

सुमेधा_क

पाच नंबर. पण पाचाचा चवड्यापाशी नेहमी आवळतो, माझा पाय पुढे रुंद आहे. म्हणून मी कायम सहाच घेते. हाही सहाच.

फर्मावाला

मग उत्तर मिळालं. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश नंबरात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. बूट लांब झाला की त्याची वाकायची रेषाही पुढे सरकते, एका नंबराला सुमारे सहा मिलिमीटर. तुमचा पाय मात्र जिथे वाकायचा तिथेच वाकणार. त्यामुळे तुमचा सांधा बुटाच्या कडक भागात अडकतो, बूट वाकतो तुमच्या बोटांवर, सुरकुती तिथे टोचते, आणि लांबी जास्त म्हणून टाच निसटते. चारही तक्रारींचं मूळ एकच.

म्हणून वाकवण्याची चाचणी दोनदा करायची असते. एकदा हातात, बुटाची. दुसऱ्यांदा पायात, तुमच्या पायाशी त्याचं जमतंय का याची. बूट घाला, लेस नीट बांधा, टाच उचलून चवड्यावर उभ्या राहा आणि आधी बुटावरून अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बोटाने चाचपा. बुटाचा सगळ्यात रुंद भाग आणि सुरकुती दोन्ही तिथेच आलं पाहिजे. सुरकुती बोटांकडे सरकली तर बूट लांब आहे. उंचवटा रुंद भागाच्या पुढे निघून गेला आणि पुढे आवळलं तर बूट आखूड आहे, तेव्हा मात्र मोठा नंबर घ्यावा.

तुम्हाला लांबी नकोय, रुंदी हवीय. पाचच मागा, पण रुंद फिटिंगमध्ये. सगळे ठेवत नाहीत, पण काही डब्यांवर नंबरासोबत रुंदीचं अक्षर असतं. नसेल तर वेगळ्या फर्म्यावरचं, म्हणजे वेगळ्या आकाराच्या साच्यावर बनवलेलं मॉडेल बघा, पुढे गोल किंवा चौकोनी तोंड असलेलं. निमुळत्या तोंडाचा बूट तुम्हाला कुठल्याच नंबरात बसणार नाही.

नाना_ठाणेकर

हे मात्र मानलं. आमच्या सौ. गेली तीस वर्षं एक नंबर मोठा घेऊन मागे कापूस भरतात.

गडवाट

मग माझाही प्रश्न घ्या. माझे ट्रेकिंगचे बूट, चांगले महागाचे, तिन्ही चाचण्यांत उत्तम होते. दोन वर्षं माळ्यावर होते. हरिश्चंद्रगडावर तासाभरात दोन्ही सोल भाकरीच्या चुऱ्यासारखे झडले. खिशातल्या दोरीने बांधून उतरलो. तुमच्या चाचण्यांनी हे कळलं असतं का?

फर्मावाला

घेताना कळलं नसतं. तो पॉलियुरेथेनचा तळ, पीयू म्हणतात तो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो, वापरला नाही तरी. उलट दमट माळ्यावर पडून राहिला तर लवकर जातो. हे पिळून कळतं, पण तेव्हाच जेव्हा बिघाड सुरू झालेला असतो: उजेडात पिळून तळाच्या बाजूच्या भिंतीकडे बघायचं, बारीक भेगा उघडतात का, नखाने दाबल्यावर चिकट किंवा भुसभुशीत लागतं का. सेलमधला जुना माल घेताना हे जरूर करा, आणि डब्यावर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं ते वाचा. पीयूचा जोड दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला असेल तर कितीही सूट मिळो, नको.

टिकाऊपणाबद्दल या चाचण्यांकडून एकूणच फार अपेक्षा ठेवू नका. सेफ्टी शूजचा तळ प्रयोगशाळेत मशीनवर ३०,००० वेळा वाकवतात. आधी त्याला मुद्दाम छेद देतात, तो छेद ४ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढता कामा नये. तुम्ही दुकानात एकदा वाकवून ते कसं कळणार? एकदा वाकवण्यात एवढंच दिसतं की वरचा भाग आणि सोल जिथे चिकटवलाय तिथे फट पडतेय का. पुढच्या टोकापाशी आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना बघा. नवीन बुटात केसाएवढी फट दिसली तरी सोल्युशन नीट धरलेलं नाही.

काउंटरमागून

+१. आणि फट दिसली की काही विक्रेते म्हणतात, "लावून देतो". नका लावून घेऊ, जोड बदलून मागा.

बाबा_दुसरीतल्या_मुलाचा

शाळेचे काळे बूट घ्यायचे आहेत. हेच सगळं लागू का? मोठ्यांसारखा पिळून जो फिरत नाही तो घ्यायचा?

फर्मावाला

नको. पोराचं वजन किती, पाय किती! मोठ्या माणसाला जो बूट ठीक वाकतो तो त्याला फळीसारखा होतो. चवड्यापाशी तुमच्या दोन बोटांच्या जोराने वाकला पाहिजे, शक्यतो मुलालाच वाकवायला द्या. पिळल्यावर थोडा जास्त फिरला तरी चालेल. टाच मात्र तशीच तपासा, मुलं बूट चेपून घालण्यात मोठ्यांच्या वरताण.

अनवाणी

मुलांच्या बाबतीत मऊ चालतो आणि मोठ्यांना कडक हवा, हे कुठल्या वयापासून बदलतं काका? हा प्रश्न टाळू नका.

फर्मावाला

टाळत नाही, पण वयाची रेघ ओढून देणार नाही. दिवसभर फरशीवर उभं राहणाऱ्या बाईंना आणि मैदानात धावणाऱ्या पोराला एकाच मापाने मोजता येत नाही, एवढंच म्हणेन.

सुमेधा_क

दुकानात फोन केला. त्या मॉडेलमध्ये पाचाचं रुंद फिटिंग येत नाही म्हणे. गोल तोंडाचं दुसरं एक आहे, २,१५०ला, पण त्याचा तळ पीयूचा आहे. डब्यावरचा महिना बघून ठेवायला सांगितलंय. शनिवारी जाऊन दोन्ही टाचा दाबते. काका, पीयू आहे म्हणून आत्ताच नाद सोडू का?

फर्मावाला

नका सोडू. ताजा माल असेल आणि रोज घालणार असाल तर तो माळ्यावर पडून सडायच्या आधीच तुम्ही तळ झिजवाल. फक्त मे महिन्याच्या सुट्टीत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका.